ऑक्सिमीटरचा आकडा कमी दिसला तर

कोरोना ओसरला, पण घराघरांतले ऑक्सिमीटर तसेच राहिले. थर्मामीटर, बामची बाटली आणि जुनी प्रिस्क्रिप्शनं ज्या खणात असतात, त्याच खणात तो पडलेला असतो. घरात कुणाला ताप आला, खोकला वाढला, आजोबांना धाप लागली की तो बाहेर निघतो आणि मग मला फोन येतो, "डॉक्टर, ब्याण्णव दाखवतोय. काय करू?" हा फोन बहुधा रात्रीच येतो. म्हणून आज या आकड्याबद्दल जरा निवांत लिहितो. त्यासाठी २०२१ च्या एप्रिलमधले दोन प्रसंग सांगणार आहे. त्यातल्या दुसऱ्यात चूक माझी होती.

पहिला प्रसंग जित्याचा. पनवेल-रोहा लाइनवर आपटा सोडलं की जिते आणि त्याच्या पुढचं स्टेशन हमरापूर. गणपतीच्या मूर्तींसाठी हा सगळा भाग तुम्हाला माहीत असेल. जित्याचे एक कारागीर, वय साधारण ५८, मूर्तींचं रंगकाम करणारे. दुसऱ्या लाटेत त्यांना ताप आला, तपासणी पॉझिटिव्ह आली, आणि मी त्यांना घरातच वेगळं राहायला सांगितलं. तापाच्या सहाव्या दिवशी रात्री त्यांच्या मुलाचा फोन आला. आवाज घाबरलेला. "डॉक्टर, बाबांचं अठ्ठ्याहत्तर आलंय! पन बाबा तर बोलतायत, मघाशी जेवले पन. माझ्या बोटाला लावलं तर अठ्ठ्याण्णव येतं."

आता विचार करा. आकडा खरोखर ७८ असेल, तर हा माणूस अत्यवस्थ आहे. आणि तो बोलतोय, जेवलाय, म्हणून आकडा खोटाच, असंही म्हणता येत नाही. कोरोनात अनेक रुग्णांचा ऑक्सिजन बराच खाली गेलेला असायचा आणि तरी त्यांना धाप जाणवत नसायची. मग ठरवायचं कसं?

त्यासाठी हे यंत्र करतं काय, ते थोडक्यात पाहू. चिमट्याच्या एका बाजूने दोन प्रकारचा प्रकाश बोटातून पाठवला जातो, एक लाल आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन घेतलेलं रक्त लाल प्रकाश बऱ्यापैकी आरपार जाऊ देतं, ऑक्सिजन नसलेलं रक्त तो जास्त शोषून घेतं. अवरक्त प्रकाशाचं याच्या उलट. पलीकडे किती प्रकाश पोचला यावरून यंत्र हिशेब करतं. पण बोटात रक्ताशिवाय कातडी असते, हाड असतं, नख असतं, तेही प्रकाश अडवतात. त्यातून फक्त रक्ताचा हिशेब वेगळा कसा काढायचा? जपानचे इंजिनिअर ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात यावर तोडगा काढला. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर प्रकाशात जो बारीक चढउतार होतो, तेवढाच मोजायचा. कातडी आणि हाड धडधडत नाहीत, धमनीतलं रक्त धडधडतं. आज तुमच्या खणात आहे ते यंत्र याच कल्पनेवर चालतं. हे आओयागी २०२० च्या एप्रिलमध्ये वारले, म्हणजे सारं जग त्यांचं यंत्र शोधत दुकानं पालथी घालत होतं, नेमक्या त्या महिन्यात.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. यंत्राला नाडी नीट सापडली नाही, तर आकड्याला अर्थ उरत नाही. आणि प्रकाशाच्या वाटेत काही आडवं आलं, तर हिशेब चुकतो.

मी मुलाला विचारलं, "आकडा एका जागी थांबतोय का?" म्हणाला, "नाय, कधी चौऱ्याऐंशी होतं, मधेच नुसत्या रेघा येतात." बाजूला नाडीचा आकडा किती? ५० आणि काही. मग मी त्याला वडिलांच्या मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर ठोके मोजायला सांगितलं. ते ११० च्या आसपास भरले. म्हणजे यंत्राला नाडी सापडतच नव्हती. ही तपासणी तुम्हालाही जमेल. स्क्रीनवर `SpO2` लिहिलेला आकडा ऑक्सिजनचा आणि `PR` लिहिलेला नाडीचा. मनगटावर मोजलेले ठोके आणि `PR` यांत मोठा फरक असेल, तर त्या क्षणी `SpO2` वर विश्वास ठेवायचा नाही.

मग मी विचारलं, "बाबांचे हात कसे आहेत?" क्षणभर शांतता. "रंगाचे आहेत, डॉक्टर." ताप अंगावर काढत हे गृहस्थ पडवीत बसून मुकुटांना सोनेरी रंग देत होते. बोटांच्या पेरांवर आणि नखांच्या कडेला रंगाचा थर बसलेला, आणि तापात हात गार पडलेले. रॉकेलच्या बोळ्याने रंग काढला, मग साबणाने हात धुतले, कोरडे केले, तळवे एकमेकांवर चोळून गरम केले. पाच मिनिटं गप्प बसवलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला यंत्र लावून हात छातीशी, टेकवून ठेवला. आता नाडी ११२ दाखवली, म्हणजे मनगटाशी जुळली. आणि ऑक्सिजन ९१. मिनिटभर तिथेच, एखादा अंक खाली-वर.

घरात हायसं वाटलं. मागून त्यांची आई म्हणालेली मला ऐकू आली, "देवाची कृपा, एक्क्याण्णव आलं." ७८ नंतर ९१ ऐकलं तर कुणालाही तसंच वाटणार. खरा धोका तिथेच होता. ७८ खोटं होतं आणि ९१ खरं होतं, आणि ९१ हा घरी थांबण्याचा आकडा नव्हता.

मी मुलाला म्हटलं, "आता त्यांना न सांगता त्यांचे श्वास मोज. नाडी बघतोय असं दाखव आणि छाती किती वेळा वर येते ते घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोज." न सांगता अशासाठी, की कुणी श्वास मोजतंय म्हटलं की माणूस श्वास बदलतो. मोजणी आली २८. मोठ्या माणसाचे स्वस्थ बसलेले असताना मिनिटाला १२ ते २० श्वास होतात. २४ च्या वर गेले की काळजी करायची आणि ३० च्या आसपास गेले की वाट बघायची नाही. कारागीरबाबांना अजूनही वाटत होतं की आपल्याला काही झालेलं नाही. पण त्यांचं शरीर श्वास वाढवून कशीबशी बरोबरी साधत होतं. मी म्हटलं, आत्ता निघा. गाडी येईपर्यंत पोटावर झोपवा, पाणी घोटघोट द्या, जिना चढू देऊ नका. त्या रात्री पेणला त्यांना ऑक्सिजन लागला. नऊ दिवसांनी घरी आले.

आता दुसरा प्रसंग. त्याच महिन्यातला, याच्या आठ-दहा दिवस आधीचा. सत्तरीच्या एक आजी, मधुमेह होता, तापाचा सातवा दिवस. सुनेचा फोन, "८९ येतंय." त्या दिवशी मला किती फोन आले होते ते आता आठवत नाही, पण थकलो होतो हे आठवतं. मी सांगितलं, "बोट बदलून बघा." तिने बदललं, ९१. "दुसऱ्या हाताचं बघा." ९०. "अंगठा बघा." ९४! आम्ही दोघांनीही सुटकेचा श्वास सोडला आणि मी म्हणालो, "ठीक आहे, सकाळी परत कळवा." सकाळी त्यांना उठवत नव्हतं. दवाखान्यात नेल्यावर सहाव्या दिवशी त्या गेल्या. रात्रीच नेलं असतं तर वाचल्या असत्या की नाही, कुणी सांगू शकणार नाही. पण चार आकड्यांतला सगळ्यात चांगला मी निवडला होता, आणि तो केवळ मला हवा होता म्हणून.

हे का चुकीचं होतं, ते समजून घ्या. चांगलं यंत्रसुद्धा साधारण दोन ते चार अंक इकडेतिकडे दाखवू शकतं. यंत्रावर ९० दिसत असताना धमनीतला खरा आकडा ८६ ही असू शकतो आणि ९४ ही. म्हणजे तुम्ही दहा बोटांवर दहा वेळा मोजलंत, तर कुठे ना कुठे मनासारखा आकडा मिळणारच. तो ऑक्सिजन वाढल्याचा पुरावा नसतो.

शिवाय ही चूक दोन्ही बाजूंना सारखी होत नाही. खोटा कमी आकडा सहसा आपलं कारण सोबत घेऊन येतो. रंग, गडद नेलपॉलिश, गार हात, थरथरणारा हात, थेट ऊन, रक्तदाबाच्या पट्ट्याने आवळलेला दंड. यातलं काहीतरी डोळ्यांना दिसतं, आणि नाडी जुळत नाही. खोटा चांगला आकडा मात्र काहीच खूण दाखवत नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाकडे डॉक्टरांचं लक्ष गेलं. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतून रक्त काढून तपासलं, तेव्हा काही रुग्णांचा खरा आकडा ८८ च्या खाली निघाला. गोऱ्या रुग्णांत असं सुमारे ४ टक्के वेळा घडलं, कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे १२ टक्के वेळा. गडद त्वचेत यंत्र ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवण्याकडे झुकतं. आपल्याकडे उन्हात राबणाऱ्या, सावळ्या-काळ्या माणसांच्या बाबतीत ९४ ला "म्हणजे चांगलंच आहे" म्हणताना मी आता आधी श्वास मोजायला सांगतो.

म्हणून त्या एप्रिलनंतर मी माझ्यापुरता एक नियम केला, तोच तुम्हाला सांगतो. हात धुऊन, गरम करून, पाच मिनिटं शांत बसून एकाच बोटावर मोजायचं. शक्यतो मधलं बोट किंवा तर्जनी. यंत्र लावल्यावर पहिल्या पाच-दहा सेकंदांतला आकडा धरायचा नाही, पूर्ण मिनिट ठेवायचं आणि जिथे तो स्थिरावेल तो लिहायचा. दहा-पंधरा मिनिटांनी त्याच बोटावर पुन्हा. दोन्ही सारखे आले तर तो खरा. वेगळे आले, आणि दोन्ही वेळा नाडी जुळत होती, तर कमी आलेला धरायचा. तिसरं बोट शोधायचं नाही. अर्थात आकडा ९० च्या खाली असेल किंवा माणूस अस्वस्थ दिसत असेल, तर ही पंधरा मिनिटंसुद्धा थांबायचं नाही. गाडी बोलावून मग पुन्हा मोजा.

आता आकड्यांकडे येऊ. फुप्फुसाचा जुना आजार नसलेल्या मोठ्या माणसाचा आकडा बसल्या जागी ९५ ते १०० असतो. ताप-खोकल्याच्या आजारात तो ९४ आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला आणि तासाभराने पुन्हा मोजा. ९३ किंवा त्याहून कमी पुन्हा आला, तर उद्यापर्यंत थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. ९० च्या खाली गेला तर १०८ ला फोन करा, किंवा दाराशी गाडी असेल तर ऑक्सिजनची सोय असलेल्या ठिकाणी थेट निघा. ९० ला एवढं महत्त्व का, तर रक्तातला ऑक्सिजन त्या आकड्यापर्यंत उतारावरून हळूहळू खाली येतो आणि त्यानंतर कड्यावरून घसरल्यासारखा घसरतो. ९८ वरून ९४ व्हायला दोन दिवस लागलेल्या माणसाला ९० वरून ८० व्हायला एक रात्रही पुरते.

आणखी एक हिशेब ठेवा, तो म्हणजे तुमच्या माणसाचा नेहमीचा आकडा. ज्यांचा नेहमी ९९ असतो त्यांचा ९५ झाला, तर यंत्राच्या दृष्टीने तो 'नॉर्मल' आहे, पण चार अंकांनी घसरलाय. याउलट वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्या किंवा चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या, फुप्फुसं निकामी झालेल्या काही रुग्णांचा रोजचा आकडाच ८९-९० असतो. त्यांच्यासाठी धोक्याची रेघ कुठे, हे त्यांच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. अशा माणसाला घरच्या मशीनवर ऑक्सिजन सोडून आकडा ९८ करण्याचा प्रयत्न मात्र करू नका. त्यांच्यापैकी काहींना जास्त ऑक्सिजनने गुंगी येते आणि श्वास मंदावतो. त्यांना साधारण ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवायचं असतं.

बऱ्याच जणांना हेही सांगावं लागतं की आकडा चांगला असूनही माणूस संकटात असू शकतो. ऑक्सिमीटर टक्केवारी सांगतो, एकूण साठा नाही. पेण डेपोतून सुटलेल्या एसटीच्या सगळ्या सीटा भरलेल्या आहेत, एवढंच तो सांगतो. दिवसाला वीस गाड्या सुटतात की पाचच, हे त्याला कळत नाही. हिमोग्लोबिन ५ असलेल्या बाईचाही आकडा ९९ येतो, आणि ती दोन पायऱ्या चढून धापा टाकते. दुसरं उदाहरण जास्त भयंकर. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू राहिला, किंवा थंडीत दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवली, तर कार्बन मोनॉक्साइड हा वायू ऑक्सिजनच्या सीटवर जाऊन बसतो. घरातलं साधं यंत्र त्याला ऑक्सिजनच समजतं आणि ९८ दाखवतं. अशा खोलीत कुणी चक्कर येऊन पडलेलं आढळलं, तर ऑक्सिमीटर शोधू नका. त्यांना उघड्यावर ओढून आणा, गॅस बंद करा आणि दवाखान्यात न्या.

तेव्हा यंत्र काहीही दाखवो, पुढच्या गोष्टी दिसल्या तर निघायचं. एक वाक्य सलग बोलता येत नाही, मध्येच श्वास घ्यावा लागतो. ओठ किंवा जीभ निळसर-राखाडी दिसते. छातीत दुखतं किंवा दडपण येतं. माणूस असंबद्ध बोलतो, ओळखीची गोष्ट विसरतो, किंवा नेहमीपेक्षा जास्त झोपाळू आहे. हे शेवटचं लक्षण घरचे लोक नेहमी चुकवतात. "आज छान झोप लागली त्यांना" असं मला कितीतरी वेळा सांगितलं गेलंय. हाक मारल्यावर नीट जागे होऊन बोलत नसतील, तर ती झोप नव्हे.

यंत्राबद्दल एक जाता जाता. सेल संपत आले की काही यंत्रं वेडेवाकडे आकडे दाखवतात, तेव्हा सेल बदलून घ्या. आधी स्वतःच्या बोटाला लावून बघणं चांगलं, जित्याच्या मुलाने तेच केलं होतं. पण त्याचा निष्कर्ष जपून काढा. तुमच्या बोटावर ९८ आलं, तर यंत्र चालू आहे एवढंच कळतं. रुग्णाच्या बोटावर रंग आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. आणि फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणाऱ्या ॲपवर आजारपणाचा निर्णय घेऊ नका.

डॉक्टरांना फोन करताना नुसता आकडा सांगू नका. वय, तापाचा कितवा दिवस, बसून मोजलेला `SpO2`, त्याच वेळची नाडी मनगटाशी जुळली का, मिनिटाला श्वास किती, आणि बरं असताना आकडा किती असायचा, एवढं एका कागदावर लिहून मग फोन लावा. दोन मिनिटांचं काम आहे. जित्याचा तो मुलगा आता हे सगळं न विचारता सांगतो. गेल्या पावसाळ्यात आजीला खोकला झाला, तेव्हा त्याने सांगितलं, "आजी, वय एक्क्याऐंशी, चौथा दिवस, छप्पन्न... नाय, शहाण्णव, नाडी चौऱ्याऐंशी, हाताने पन तेवढीच, श्वास अठरा, नेहमीचं शहाण्णवच." मी म्हटलं, "घरीच राहू दे. संध्याकाळी पुन्हा मोज, त्याच बोटावर."